पलंगाच्या दांड्या आणि घेवडा

खोटं बोलायचं तर माणसाचा चेहरा तसा हवा. गोसेचा नव्हता. दोन मीटर उंचीचा हा माणूस लीवार्डन गावातल्या कालव्यावर पूल उघडायचं काम करी, आणि थाप मारायची वेळ आली की मानेपासून कानांपर्यंत असा लाल व्हायचा की सिग्नल पडला समजून होड्या थांबाव्यात. तरी गेली दोन वर्षं तो घरात एक थाप सांभाळून होता. हिस्केचा पलंग लांब करायचं सामान सापडत नाही, ही ती थाप.

हिस्के त्याची मुलगी. वय तेरा. उंची एक मीटर शहात्तर, आणि ती थांबायची काही लक्षणं नव्हती. पलंग मात्र एक मीटर साठचा. पोरगी त्यावर तिरकी झोपे, उशीच्या डाव्या कोपऱ्यात डोकं आणि पायथ्याच्या उजव्या कोपऱ्यात टाचा. शाळेत काटकोन त्रिकोण शिकवला तेव्हा घरी येऊन तिने पट्टीने पलंग मोजला आणि म्हणाली, "कर्ण एक मीटर त्र्याऐंशी. म्हणजे अजून सात सेंटीमीटर वाढायची मुभा आहे. पुढे पाय खिडकीतून बाहेर."

खरं तर या खोलीत असं काही व्हायलाच नको होतं. हिस्के दोन वर्षांची असताना तिच्या आईने, मिंकेने, योरिंडे नावाच्या बाईला बोलावून ही खोली करून घेतली होती. योरिंडे फक्त मुलांच्या खोल्या करी, आणि तिचं म्हणणं एकच असे: खोली एकदाच करा, पण मुलाबरोबर ती वाढली पाहिजे. भिंती साध्या पांढऱ्या, कारण ससे आणि हत्ती मुलांना फार तर पाचव्या वर्षापर्यंत चालतात. भिंतीत उभ्या लोखंडी पट्ट्या, त्यांच्या खाचांत ब्रॅकेट अडकवायचे, म्हणजे फळ्या आणि टेबल दर वर्षी हवं तेवढं वर सरकतं. कपाटात दोन दांडे. खालचा दोन वर्षांच्या पोरीच्या हाताला येईल असा, तो पुढे काढून टाकायचा म्हणजे लांब कोट मावतात. कपाट भिंतीला स्क्रूने घट्ट, कारण दोन वर्षांचं मूल खण उघडून त्याची शिडी करतंच. पुढे टेबल जिथे येणार तिथे विजेची वायर आधीच आणून कोऱ्या झाकणाखाली ठेवलेली. आणि पलंग असा की डोक्याची आणि पायथ्याची बाजू कायम तीच, फक्त ओळीने भोकं पाडलेल्या बाजूच्या दांड्या बदलायच्या. लहान, मधल्या, मोठ्या. गादीलाही तुकडे जोडायचे. मोठ्या दोन मीटरच्या दांड्या, गादीखालच्या वाढीव फळ्या आणि गादीचा शेवटचा तुकडा, सगळं चिठ्ठी लावून माळ्यावर ठेवलेलं.

योरिंडेने तेव्हा चार चित्रं काढून दाखवली होती. पहिल्या चित्रात पलंगाच्या पायथ्याशी एक बुटकी वेताची खुर्ची आणि तिच्यावर बसलेला माणूस. दुसऱ्यातही खुर्ची. तिसऱ्यात खुर्ची नव्हती, माणूसही नव्हता. पलंग तिथपर्यंत आला होता आणि उरलेल्या वीतभर जागेत पुस्तकांची उभी मांडणी.

"मी कुठे गेलो?" गोसेने विचारलं होतं.

"तू खाली, कॉफी प्यायला," योरिंडे हसत म्हणाली होती. "तोवर तुझी सुटका झालेली असेल."

सगळे हसले. गोसेही हसला. त्याच्या मांडीवर तेव्हा हिस्के पेंगत होती, आणि अकरा वर्षं म्हणजे कुठल्या कुठे.

मिंके सुईण. बाळं कुणाची वेळ बघून येत नाहीत, त्यामुळे संध्याकाळी ती बहुधा कुणाच्या तरी घरी असे, आणि हिस्केला झोपवायचं काम पहिल्यापासून गोसेचं. त्या बुटक्या खुर्चीत तो गुडघे हनुवटीला लावून बसे. आधी गोष्टी सांगे. गोष्टी संपल्यावर त्या दिवशी पुलाखालून गेलेल्या होड्यांची नावं सांगे. मग हळूहळू सांगायचं काम हिस्केकडे गेलं: कोण कुणाशी बोलत नाही, गणिताच्या सरांच्या दाढीत काय अडकलं होतं, कुणाच्या वाढदिवसाला कुणाला बोलावलं नाही. गोसे हूं हूं करी. पुष्कळदा तोच आधी झोपे आणि ती त्याला पायाने ढोसून उठवी. दिवसभर पुलावरच्या काचेच्या खोलीत त्याच्याशी बोलायला बदकांखेरीज कुणी नसे. ही अर्धी घटका हीच त्याची मिळकत.

हिस्के अकराची झाली तेव्हा मिंके एक दिवस म्हणाली, "अरे, पोरीचे पाय पायथ्याला लागतायत. माळ्यावरचं सामान काढ."

गोसे माळ्यावर चढला. दांड्या हातात घेतल्या. खाली येऊन खोलीत पायथ्यापासून माप घेतलं. खुर्ची बसत नव्हती. खुर्ची आडवी, उभी, तिरकी, सगळी करून पाहिली. मग त्याने ते केलं जे कुठल्याही शहाण्या माणसाने केलं नसतं. दांड्या सायकलला बांधल्या आणि गावाबाहेरच्या आपल्या बागेच्या तुकड्यावर नेल्या. तिथे त्याच्याखेरीज सहसा कुणी फिरकत नसे, आणि घेवड्याला आधार हवाच होता. पट्ट्याने ओवलेल्या वाढीव फळ्यांची गोड वाटाण्याला शिडी झाली. गादीचा तुकडा पुलावरच्या खोलीत गेला, त्यावर तो बसू लागला. आणि घरी येऊन लाल कानांनी म्हणाला, "सापडत नाही बुवा. उंदरांनी नेलं की काय."

"दोन मीटरच्या दांड्या? उंदरांनी?" मिंके म्हणाली. पण तेवढ्यात फोन वाजला, कुणाच्या तरी कळा सुरू झाल्या, आणि विषय राहिला तो राहिलाच.

आता दोन वर्षांनी, ऑगस्टच्या अखेरीस, शनिवारी सकाळी योरिंडे स्वतःच दारात उभी राहिली. खोली शेवटची बदलायला तिने तेराव्या वर्षी यायचं हे पहिल्यापासून ठरलेलंच होतं. मिंकेने तारीख केव्हाच लिहून ठेवली होती, फक्त गोसेला सांगायची विसरली होती.

"चला, शेवटचा टप्पा!" योरिंडे म्हणाली. तिचे केस आता पांढरे झाले होते, पण कमरेला मापाची फीत तीच. एक कप कॉफी आणि एक बिस्किट झालं. बिस्किटांचा डबा इथल्या रीतीप्रमाणे लगेच बंद झाला, आणि सगळे वर गेले.

काम झटपट चाललं होतं. हिस्केला टेबलाच्या खुर्चीवर बसवून योरिंडेने कोपराची उंची मोजली आणि टेबल तीन खाचा वर चढवलं. खुर्चीची बैठक वर घेतली, पाय ठेवायची पट्टी काढूनच टाकली. कपाटातला खालचा दांडा निघाला. कोऱ्या झाकणामागून वायर बाहेर आली आणि तिथे दिवा लागला, तेव्हा योरिंडेने लग्नात मुलगी उजवल्यासारखा चेहरा केला. "अकरा वर्षांपूर्वी ठेवली होती," ती म्हणाली. "एक भोक नवीन पाडावं लागलं नाही."

मग तिचं लक्ष पलंगाकडे गेलं.

"हा अजून मधल्याच मापावर?"

"सामान हरवलंय," हिस्के म्हणाली. "बाबा म्हणतो, उंदरांनी नेलं."

योरिंडेने गोसेकडे पाहिलं. गोसेने खिडकीबाहेर पाहिलं.

"तीस वर्षांत," योरिंडे सावकाश म्हणाली, "माझ्याकडची दोरी हरवली, स्क्रू हरवले, एकदा एका घरातला नवराही हरवला. दोन मीटरचं ॲश झाडाचं लाकूड कधी हरवलं नाही. माळा नीट बघितलास?"

"तीनदा."

"मग नवीन करावं लागेल. माझा सुतार सुट्टीवर आहे. सहा आठवडे लागतील, कदाचित आठ."

"आठ?" गोसेचा चेहरा असा उजळला की त्याला स्वतःलाच खोकल्याचं नाटक करावं लागलं. "अरेरे. आठ म्हणजे फारच. पण घाई कशाला? काम चांगलं व्हावं."

झालं असतं सगळं पार. पण मिंकेला पाहुणचाराचा उमाळा आला. "योरिंडे, तू अशी रिकाम्या हाताने जायची नाहीस. आमच्या बागेत घेवडा इतका आलाय की खाणारं कुणी नाही. आत्ता जाऊ सायकलवर, तोडून देते."

"घेवडा वाईट आलाय," गोसे म्हणाला.

"परवा तर म्हणालास, असा घेवडा बापजन्मात पाहिला नाही."

"कीड पडली. काल. एका रात्रीत."

"बघू तरी," मिंके म्हणाली. सुईण ती, माणूस कळ लपवतो आहे हे तिला लांबून कळतं.

चौघं निघाली. वाटेत गोसेने दोनदा सायकलची साखळी निसटल्याचं सांगितलं. एकदा तर ढग नसताना पाऊस येईल म्हणाला. कुणी थांबलं नाही.

बाग सुरेख होती. शेजारच्या तुकड्यांवर शनिवारची माणसं गुडघ्यांवर बसून तण काढत होती, आणि मधे गोसेचा घेवडा दोन उंच दांड्यांवर चढून वर एकमेकांना भिडला होता. योरिंडे कौतुकाने जवळ गेली. एक शेंग तोडली. दुसरी तोडताना तिचा हात थांबला. वेलीचं एक कोवळं टोक लाकडातल्या गोल भोकातून आत जाऊन पुढच्या भोकातून बाहेर आलं होतं. भोकं एका ओळीत, सारख्या अंतरावर, काठ घासून गुळगुळीत केलेले. तिने पानं बाजूला सारली. चष्मा लावला. फीत काढून दोन भोकांमधलं अंतर मोजलं.

"गोसे," ती म्हणाली. "ही माझी भोकं आहेत."

गोसेऐवजी त्याचे कान बोलत होते.

"म्हणजे?" हिस्केने विचारलं.

"म्हणजे तुझा पलंग," योरिंडे म्हणाली. "त्याला घेवडा लागलाय."

हिस्केने दांडीकडे पाहिलं. मग गोड वाटाण्याच्या शिडीकडे पाहिलं, तसल्याच फळ्या अकरा वर्षं तिच्या पाठीखाली होत्या. मग तिने बापाकडे पाहिलं, आणि तिचा आवाज बागेच्या पार टोकापर्यंत गेला.

"दोन वर्षं! दोन वर्षं मी तिरकी झोपतेय! सकाळी माझी मान वाकडी, वर्गात सगळ्या मला बगळा म्हणतात, आणि तू माझ्या पलंगावर शेंगा लावल्यास?"

तण काढणारी माणसं थांबली. या गावात कुणी कुणाच्या भानगडीत पडत नाही, पण ऐकायला बंदी नाही.

"टोकांना मी दह्याचे डबे लावलेत," गोसे पुटपुटला. "मातीत कुजू नयेत म्हणून. लाकडाला काही झालेलं नाही."

"अहाहा! चोर असूनही किती काळजी!" मिंके म्हणाली. "अरे पण का? सरळ सांग. काठ्या काय दुकानात मिळत नव्हत्या?"

गोसेने जमिनीकडे पाहिलं. एवढा मोठा माणूस, पण हात कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. शेवटी ते खिशात घातले.

"पलंग लांब केला तर खुर्ची राहत नाही," तो म्हणाला. "मी मापं घेतली. तीन तऱ्हांनी घेतली. मग मी बसणार कुठे?"

मिंकेला हसू आलं होतं ते तिने तोंडावर हात ठेवून थोपवलं, आणि थोपवता थोपवता तिचे डोळे भरून आले. इतक्या संध्याकाळी ती दुसऱ्यांच्या घरी होती, आणि आपल्या घरी काय चाललं होतं याचा तिला पत्ताच नव्हता. योरिंडे फीत गुंडाळत राहिली. कुठल्या वर्षी मुलाचा हात कुठवर पोचतो हे ती झोपेतही सांगू शकली असती. बाप कुठल्या वर्षी उठतो हे मात्र तिने एका रेघेत ठरवून टाकलं होतं, आणि ते आत्ता तिला टोचलं.

"चूक माझीही आहे," ती म्हणाली. "मी चित्रातला माणूस पुसला, पण तो कुठे जातो हे काढलं नाही."

"तू त्याची बाजू घेऊ नकोस," हिस्के म्हणाली. तीही आता लाल झाली होती, कान बापाचेच. "बाबा, तुला बसायचं होतं तर बसायचं आहे असं म्हणायचं ना! तोंड आहे की नाही तुला?"

"तू नको म्हणाली असतीस तर?"

हिस्केने वेलीवरची एक शेंग ओढून तोडली. पलीकडच्या तुकड्यावरची म्हातारी कोबीच्या आडून वाकून बघत होती.

"घेवडा काढ," हिस्के म्हणाली. "सगळा. आत्ता."

घेवडा उतरला. दोन टोपल्या योरिंडेला मिळाल्या, एक कोबीवाल्या म्हातारीला, कारण तिने एवढा वेळ लक्ष घातलं होतं. दांड्या सायकलला बांधून घरी आल्या. धुतल्या, पुसल्या. दोन उन्हाळे आणि दोन हिवाळे खाऊन लाकूड करडं पडलं होतं, जुन्या धक्क्याच्या खांबासारखं. योरिंडेने घासायचा कागद काढला, तशी हिस्केने तिचा हात धरला.

"घासायचं नाही. असंच राहू दे."

"अगं, डोक्याची बाजू पिवळी आणि दांड्या करड्या? माझ्या नावाला बट्टा लागेल."

"खोली माझी आहे ना? शेवटचा टप्पा ना? मग असंच."

योरिंडेने सुस्कारा सोडला आणि तेल तेवढं लावलं. मग मात्र हिस्के सुटलीच. टेबल खिडकीशी नको, दाराशी. त्या दिशेला लोखंडी पट्टी नव्हती, म्हणजे नवीन भोकं. योरिंडेने डोळे मिटून भोकं पाडली. पांढरी भिंत गडद हिरवी. पडदा नको. आणि दाराला आतून कडी.

"कडी कशाला?" गोसेने विचारलं.

"बाबा," हिस्के म्हणाली, आणि त्या एका शब्दात उत्तर होतं.

"आग लागली तर बाहेरून नाण्याने उघडता येते अशी बसवते," योरिंडे हळूच त्याला म्हणाली. "सगळ्या मुली मागतात. मनाला लावून घेऊ नकोस."

गोसेने मनाला लावून घेतलं. गादीचा तुकडा आणायला पुलावर गेला आणि मुद्दाम लांबच्या रस्त्याने आला. तो तुकडा मधोमध खोलगट झाला होता. हिस्के म्हणाली, निदान पाय तरी सरळ पसरता येतील, खड्ड्यात का होईना.

संध्याकाळी योरिंडे गेली. जाताना वेताची खुर्ची खोलीतून उचलून तिने जिन्याखाली नेऊन ठेवली, आणि गोसेच्या हातावर थोपटलं. मिंकेचा फोन वाजला; कुणीतरी जन्माला येऊ घातलं होतं. घर गप्प झालं.

नेहमीची वेळ झाली. गोसे वर गेला. सवयीने आत पाय टाकणार, तेवढ्यात आठवलं, आणि त्याने उघड्याच दारावर टकटक केली. हिस्के पलंगावर सरळ लांब पडली होती. हात अंगालगत, पाय सरळ, आणि तरी दोन्हीकडे जागा उरली होती. किती मोठी झाली ही, त्याला वाटलं. तिरकी होती तोवर कळलंच नव्हतं.

"छान झालंय," तो उंबऱ्यातूनच म्हणाला. "बरं मग. झोप."

"थांब," हिस्के म्हणाली. तिने उशीखालून फोन काढला. "बुधवारी तुझी पाळी सकाळची असते ना?"

"हो. का?"

"बुधवारी रात्री साडेआठ ते नऊ. चालेल?"

गोसे चक्रावला. या देशात सख्ख्या भावाकडे चहाला जायचं तरी महिनाभर आधी वेळ घ्यावी लागते. आजीला भेटायचं तर आजी डायरी काढते. पण आपल्याच घरातल्या जिन्यावरून वर यायची वेळ घ्यावी लागेल, हे त्याच्या ध्यानीमनी नव्हतं.

"कशासाठी?" त्याने विचारलं.

"बसायला. दुसरं कशासाठी? जमिनीवर गादी टाकते, तुझे पाय टेबलाखाली जातील. टेबल म्हणून तर दाराशी घेतलं. आणि टकटक करायची. आणि मी बोलले नाही तर का बोलत नाहीस म्हणून विचारायचं नाही. आणि झोपायचं नाही."

"झोपायचं नाही हे कठीण आहे," गोसे म्हणाला.

"बरं, झोप. घोरू नकोस." ती अंगठ्याने लिहीत होती. "दर बुधवारी, असं टाकते. तुझ्याही फोनवर येईल. आणि हे कॅलेंडर विचारतंय, कधी संपवायचं म्हणून."

गोसेने श्वास धरला. सुट्ट्यांपर्यंत, ती म्हणेल. किंवा चौदा होईपर्यंत. काहीही म्हणाली असती तरी त्याने हो म्हटलं असतं, आणि हे त्यालाही माहीत होतं.

हिस्केने फोनच्या स्क्रीनकडे क्षणभर पाहिलं, अंगठा टेकवला, आणि फोन उशीखाली सरकवला. त्याच्या खिशात टिंग झालं. त्याने फोन काढून चष्म्याशिवाय हात लांब करून वाचलं: बाबा, दर बुधवारी, शेवट: कधीही नाही.

"ते आपोआपच तसं येतं," हिस्के भिंतीकडे तोंड करून म्हणाली. "मी काही निवडलेलं नाही. उगाच दारात उभा राहून रडू नकोस. आज शनिवार आहे."